कोईमतूरचं टपाल वडूजमध्ये

वडूजमध्ये माणूस काय करतो हे एसटी सुटायच्या आत सांगता आलं पाहिजे. "थोरला मुंबईला माथाडी, धाकटा केरळात गलाईच्या दुकानात, जावई पंचायत समितीत." संपलं. ऐकणारा मान डोलावतो, मनातल्या मनात पगार लावतो आणि पुढच्या घराकडं वळतो. माझ्या पुतणीचं घोडं इथंच अडतं. ती व्हर्च्युअल असिस्टंट आहे. हे सांगून होईपर्यंत एसटी दहिवडीला पोचलेली असते.

वहिनींनी त्यातून वाट काढली होती. शेजारणींना त्या "कॉम्प्युटरवर असती" एवढंच सांगत. जणू पोरगी कॉम्प्युटरवर बसते आणि तो कुठंतरी चालत जातो. पण परवा स्थळ आलं आणि मुलाच्या वडिलांनी नेमका प्रश्न टाकला, "असिस्टंट आहे ते ठीक. परमनंट कवा व्हनार?"

तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस घरात मीच. त्यामुळं सरकारी आवाजात उत्तर देण्याचं काम माझ्याकडं आलं. मी म्हणालो, "दुसऱ्याचं आवक टपाल बघायचं, त्याच्या दौऱ्याचा आणि बैठकांचा कार्यक्रम लावायचा आणि तक्ते भरायचे. मी जन्मभर हेच केलं. फरक एवढाच की माझे साहेब शेजारच्या खोलीत असायचे, हिचे एक कोईमतूरला आणि एक लंडनला आहेत." "आन् पेन्शन?" या पुढच्या प्रश्नावर मात्र मला चहा आणायला आत जावं लागलं.

हे काम ती विकते कसं, हे मी गेलं वर्षभर जवळून बघतोय. पहिल्यांदा तिनं जाहिरात केली ती अशी: "सर्व प्रकारची ऑनलाइन कामे केली जातील." कचेरीबाहेरच्या प्रत्येक टपरीवर हाच बोर्ड असतो. सर्व प्रकारचे दाखले, सर्व प्रकारचे फॉर्म, सर्व प्रकारचे झेरॉक्स. या बोर्डाची गंमत अशी की सगळं करणाऱ्याकडं लोक सगळंच घेऊन येतात, पण कशाचे किती द्यायचे हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळे दहा रुपयेच देतात.

पहिलं गिऱ्हाईक घरातलंच मिळालं. वहिनींचे मामेभाऊ कोईमतूरला गलाईच्या धंद्यात आहेत. खटाव, माण, आटपाडी, विटा या पट्ट्यात पाऊस कमी आणि माणसं जास्त, म्हणून इथली पोरं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या या कामात देशभर पांगली. दक्षिणेतल्या एखाद्या गावात सराफ कट्ट्यावर मागच्या बाजूला भट्टी दिसली आणि आत कुणी "आलासा व्हय?" म्हणालं, की समजायचं, आपलाच माणूस. मामांचा धंदा वाढला तसं टपालही वाढलं. बँक, विमा, सीए, मशीनवाला, कुरिअर. मामा सोनं डोळ्यांनी ओळखतात, पण मेलकडं बघितलं की त्यांना झोप येते. त्यांच्या इनबॉक्समध्ये न उघडलेली पत्रं अकरा हजारांवर गेली होती. ते म्हणाले, "पोरी, जरा मेल बघत जा. तासाचं काय असंल ते देतो."

तासाला दीडशे रुपये ठरले. पहिल्या महिन्यात रोजचं टपाल निपटायला तिला दोन तास लागत. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७,८०० रुपये झाले. मग तिनं डोकं चालवलं, जाहिराती आपोआप बाजूला पडतील असं केलं, नेहमीच्या उत्तरांचे मसुदे तयार ठेवले, आणि दुसऱ्या महिन्यात तेच काम सव्वा तासात व्हायला लागलं. काम अधिक चोख झालं आणि बिल आलं ४,८७५ रुपये. मामा खूश, पोरगी गप्प. तासावर काम घेण्यातली मेख इथं आहे. जो शिकतो त्याचा पगार कमी होतो आणि जो रेंगाळतो त्याचा वाढतो. ही पद्धत मी कुठं पाहिली आहे हे निवृत्त माणसानं सांगू नये.

त्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "काका, कचेरीत एवढ्या कागदांचं तुम्ही काय करत होता?" कुणी हा प्रश्न विचारावा म्हणून मी निवृत्तीपासून वाट बघत होतो. मी तिला सहा गठ्ठे पद्धत सांगितली. महाराष्ट्रातल्या सरकारी कारकुनाच्या टेबलाशेजारी सहा गठ्ठे असायला हवेत, असा दंडक आहे. प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नाश करायचे कागद. प्रत्येक कागद या सहापैकी कुठल्यातरी एकातच बसतो. सातवा गठ्ठा म्हणजे टेबलाचा खण, आणि त्याला नियमात जागा नाही.

पोरीनं हे जसंच्या तसं उचललं. मामांच्या जीमेलमध्ये सहा लेबलं झाली. ज्यावर आपल्याला काही करायचं आहे ते प्रलंबित. आपण उत्तर दिलं आणि समोरच्याची वाट बघतोय ते प्रतीक्षाधीन. हा गठ्ठा दर सोमवारी चाळायचा, कारण पैसे अडकतात ते इथंच. मशीनवाल्यानं "बघतो" म्हटलेलं असतं आणि मग दोघंही विसरतात. जीएसटीची ११ तारखेची आणि २० तारखेची विवरणपत्रं, विम्याचे हप्ते, बँकेचे खातेउतारे ही नियतकालिकं, ती लेबल लावून थेट कॅलेंडरमध्ये गेली. दरपत्रकं आणि ठरलेली उत्तरं स्थायी आदेशात. निकाली निघालेलं सगळं अभिलेखात. आणि नाश करायचं ते कचरापेटीत, जिथून जीमेल तीस दिवसांनी स्वतःच जाळून टाकतं. आम्हाला त्यासाठी समिती नेमावी लागायची.

पण कागद लावणं वेगळं आणि ते विकणं वेगळं. तिनं मामांना एक पान लिहून पाठवलं. त्यावरच्या मजकुरातलं एक अक्षरही भारी नव्हतं, तरी तो मी कात्रणासारखा जपून ठेवलाय. एक मेल खातं, सोमवार ते शनिवार, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. दिवसाला साधारण चाळीस नवी पत्रं. नेहमीच्या आठ प्रकारच्या पत्रांना ती स्वतः उत्तर देणार. पैशाचं, कायद्याचं किंवा पहिल्यांदाच आलेलं काही असेल तर ती फक्त मसुदा करणार, पाठवायचं मामांनी. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाच ओळींचा गोषवारा: तुमच्याकडं काय थांबलंय, दुसऱ्याकडं काय थांबलंय, काय झालं. महिन्याला ६,५०० रुपये, पाच तारखेच्या आत, आगाऊ.

६,५०० कुठून आले? रोजचा सव्वा तास, सव्वीस दिवस, दीडशेचा दर, म्हणजे ४,८७५. त्यावर तिनं तिसरा हिस्सा चढवला. त्यात इन्व्हर्टर, नेट, आजारपणाचे दिवस, बिल पाठवणं आणि बिलाची आठवण करणं हे सगळं आलं. तासावर काम करणारा माणूस हे खर्च खिशातून करतो आणि त्याला वाटतं आपण कमावतोय. मामांना पहिल्या महिन्यापेक्षा तेराशे कमी पडले, तिला दुसऱ्या महिन्यापेक्षा सोळाशे पंचवीस जास्त मिळाले. आणि उद्या तिनं हेच काम पन्नास मिनिटांत केलं, तर वाचलेली पंचवीस मिनिटं तिची. या पानावर तास हा शब्दच नाही हे मामांच्या लक्षात आलं नाही. त्यांना दहा आणि पाच एवढंच दिसलं, आणि दुकानदाराला उघडायची वेळ कळली की बरं वाटतं.

दहा आणि पाच या वेळांमागंही एक शहाणपण होतं. "मेल आला की लगेच उत्तर" असं कबूल केलं असतं, तर वडूजची लाइट गेली की शब्दही गेला असता. दिवसातून दोनदा म्हटलं की मधे तीन तास अंधार झाला तरी कोईमतूरला कळत नाही.

जुन्या अकरा हजार पत्रांचा हिशेब तिनं वेगळा लावला. रोजचं टपाल आणि साठलेलं टपाल एका पैशात घेतलं की माणूस बुडतो, हे प्रत्येक बदली होऊन आलेल्या कारकुनाला माहीत असतं. आधीच्याचे गठ्ठे निपटायला वेगळी मोहीम लागते. तिनंही मोहीम म्हणून एकरकमी पैसे लावले. मामा म्हणाले, "ती जुनी पत्रं राहू देत की. एवढी वर्षं कुनी मेलं का?" दोन दिवसांनी त्यात विम्याच्या संपलेल्या मुदतीचं पत्र निघालं आणि मामांनी पैसे पाठवले.

आता मामा कितीही प्रेमळ असले तरी त्यांना "जाता जाता" म्हणायची सवय आहे. "जाता जाता बाळूच्या कॉलेजचा फॉर्म भर की." "जाता जाता रेल्वेचं तिकीट बघ." दिवाळीत "जाता जाता सगळ्या गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठव, पाचशेच हायत." पोरगी जाईना आणि हे संपेना. मग तिनं पानाच्या मागच्या बाजूला "वरकड कामं" असा रकाना काढला आणि प्रत्येकापुढं दर लिहिला. फॉर्म एवढे, तिकीट एवढे, शुभेच्छा शेकड्यावर. पुढच्या वेळी मामा म्हणाले, "जाता जाता..." आणि थांबले. मग म्हणाले, "न्हाय, बाळूलाच सांगतो." ज्या कामाला दर लागला ते बाळूला येतं, हा शोध त्या घरात त्या दिवशी लागला.

एक गोष्ट मात्र तिनं पैसे ठरायच्या आधी मिटवली. मामांनी पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पासवर्ड पाठवला होता. गावाचं नाव आणि पुढं १२३४. तिनं तो मेसेज पुसायला लावला, पासवर्ड बदलायला लावला आणि कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमध्ये `Accounts and Import` खाली `Grant access to your account` इथं स्वतःचा पत्ता टाकायला सांगितला. आमंत्रण येतं, ते आठवड्याच्या आत स्वीकारावं लागतं. मग ती तिच्या खात्यातून मामांचं टपाल वाचते, उत्तर देते, पुसूही शकते, पण पासवर्ड बदलू शकत नाही. पासवर्डवरच काम चालवलं असतं तर जीमेलनं ओटीपी मागितला की तो मामांच्या फोनवर गेला असता, मामा भट्टीपाशी असते आणि ती वडूजमध्ये तोंडाकडं बघत बसली असती. शिवाय काम सुटलं की मामांनी एक नाव काढलं की झालं. किल्ली परत मागायचा ओशाळवाणा प्रसंग दोघांवरही येत नाही.

मामांचा विश्वास बसल्यावर वह्या आल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मालाची नोंद: तारीख, नाव, वजन, टंच, शुद्ध सोनं. अशा २,४०० ओळी शीटमध्ये उतरवायच्या होत्या. तिनं आधी शंभर ओळी भरून बघितल्या. तपासणीसकट एक तास लागला. मग दर लावला शंभर ओळींना दोनशे, एकूण ४,८००. टायपिंग कुणालाही येतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते चूक सापडण्याचे.

आणि चूक कशी सापडते ते बघण्यासारखं आहे. समजा एका ओळीत वजन २४.३६० ग्रॅम, टंच ९१.६०. वहीत शुद्ध सोनं लिहिलंय २२.३१४. तिनं शुद्ध सोन्याचा वहीतला आकडा भरला आणि शेजारच्या रकान्यात शीटलाच गुणाकार करायला लावलं:

```
=ROUND(C2*D2/100,3)
```

दोन्ही आकडे जुळले तर ओळ बरोबर. एकदा जुळेनात. शीट म्हणत होतं २२.५६१. तिनं वही परत बघितली, तर टाइप करताना २४.३६० चं २४.६३० झालं होतं. मी मागून म्हणालो, "फरक २७०. नवानं भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत." जुन्या हिशेबनिसांची ही खूण आहे. शेजारशेजारच्या आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नवानं नेहमी पूर्ण भाग जातो. पुतणीनं माझ्याकडं प्रथमच आदरानं बघितलं. तो आदर संध्याकाळपर्यंत टिकला.

तारखांनी वेगळा छळ केला. शीट अमेरिकी पद्धतीवर ठेवलेलं होतं, त्यामुळं ५/६ ला ते सहा मे समजत होतं आणि १३/६ आलं की गोंधळून तारखेऐवजी नुसता मजकूर म्हणून डावीकडं चिकटवत होतं. खरी तारीख रकान्यात उजवीकडं बसते. एकाच रकान्यातल्या काही तारखा डावीकडं आणि काही उजवीकडं दिसल्या की समजावं, उजवीकडच्याही काही खोट्या आहेत. सेटिंगमध्ये देश भारत केला आणि मग पुन्हा भरल्या. ज्या ओळी मामांच्या अक्षरामुळं लागल्याच नाहीत, त्या तिनं पिवळ्या करून तशाच सोडल्या. अंदाजानं एकही आकडा भरायचा नाही, हेही पानावर लिहिलेलं होतं. पिवळ्या ओळी बघून मामा म्हणाले, "हे मलाबी लागंना." अशी नोंद झाली.

डेटा एंट्रीच्या नावाखाली वेगळाच धंदा करणारेही आहेत. आमच्या आळीतल्या एका पोराला घरबसल्या टायपिंगचं काम मिळालं, त्यासाठी आधी नोंदणीचे पैसे भरायला लावले. पोरानं रात्रंदिवस पानं भरली, तर "अचूकता कमी पडली" म्हणून मेहनताना नाही आणि वर करार मोडला म्हणून वकिलाच्या नावानं दंडाची नोटीस. घरात रडारड. नोटीस वाचून मी विचारलं, काम देणाऱ्याला तू पैसे दिलेस? मग ते काम नव्हतंच. पोलिसांत तक्रार करायला सांगितली, दंडाचा एक पैसा भरू दिला नाही.

लंडनचं गिऱ्हाईक आलं ते कॅलेंडरसाठी. मूळच्या साताऱ्याच्या एक बाई तिकडं कंपन्यांना प्रशिक्षण देतात. त्यांच्या पानावर पुतणीनं कामापेक्षा नियमच जास्त लिहून घेतले. सकाळी दहाच्या आत कुणालाही वेळ नाही, दोन बैठकांत पंधरा मिनिटं मोकळी, शुक्रवारी दुपारनंतर काही नाही, आणि नियम मोडून कुणाला घुसता येईल त्या तिघांची नावं. हे वाचून मला माझे जुने साहेब आठवले. त्यांच्याकडंही अशी यादी होती, फक्त ती लिहिलेली नव्हती आणि त्यात तिघांपेक्षा बरेच जास्त होते.

कॅलेंडरमधला खरा खड्डा घड्याळाचा असतो. आपलं घड्याळ बारा महिने एकच. लंडनचं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढं जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं येतं. उन्हाळ्यात त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. दर मंगळवारची बैठक वडूजच्या साडेसातला लावून ठेवली, तर ऑक्टोबर सरला की लंडनच्या कॅलेंडरमध्ये ती दुपारी दोनला दिसते आणि बाई रिकाम्या स्क्रीनशी गप्पा मारत बसतात. म्हणून प्रत्येक बैठक तिथल्याच वेळेत लावायची. आपल्याकडं तिची वेळ हलली तरी हलू द्यायची. वहिनींनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "घड्याळ मागं घ्यायला सरकारची परवानगी लागती का तिथं?" लागते, असं मी म्हणालो. सरकारच करतं ते. वहिनींचं लंडनबद्दलचं मत तिथंच खाली आलं.

आता एवढं चोख चाललेलं असताना मधेच एकदा प्रतीक्षाधीनचा गठ्ठा रिकामा दिसायला लागला. काहीच थांबलेलं नाही! सरकारी नोकरीत असं दिसलं की आम्ही घाबरायचो, कारण कागद संपत नसतात, हरवतात. निघालं असं, की मामा रात्री अंथरुणात फोनवर मेल उघडत, दोन शब्दांचं उत्तर टाकत आणि लेबल दिसलं की "हे काय आलंय मधे" म्हणून काढून टाकत. सकाळी दहाला पोरीला वाटे, प्रकरण निकाली. मशीनवाल्याला मामांचं एक उत्तर आणि तिचं दुसरं, अशी दोन गेली होती. त्यानं दोन मशीनं पाठवायची तयारी केली होती.

तेव्हा तिनं पानाच्या शेवटी गिऱ्हाइकानं पाळायचे नियम घातले. लेबलं काढायची नाहीत. स्वतः उत्तर दिलंच तर गोषवाऱ्याखाली "दिलं" एवढं लिहायचं. तुमच्याकडं थांबलेल्या गोष्टींना एका दिवसात हो किंवा नाही सांगायचं. नाही सांगितलं तर उशीर तुमच्या नावावर. मामांचा फोन आला. आवाज भट्टीसारखा.

"पैसं मी द्यायचं, आन् नियमबी मीच पाळायचं?"

"हो मामा," ती म्हणाली, आणि पुढच्या महिन्याचं बिल पाठवलं.

चार तारखेला पैसे आले. पाठोपाठ विट्याच्या एका गलाईवाल्याचा फोन. त्यांचं दुकान मदुराईला आहे. मामांनी त्यांना सांगितलं होतं, पोरगी लई कडक हाय, माझंसुद्धा ऐकत न्हाय, पर टपाल एकबी पडून न्हाय. पुतणीनं पान काढलं, वरचं नाव बदललं आणि विचारलं, "काका, रोज साधारण किती पत्रं येतात?"

"मोजली न्हाईत गं. तू जरा बघत जा की, तासाचं काय असंल ते..."

"आधी मोजू," ती म्हणाली. "दोन आठवडे. मोजण्याचे पैसे वेगळे."